नावपट्टी मुंबईची, ठसा जर्मन, पण पेटी कुणाची?

पार्श्वभूमी

माझं काम पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करण्याचं आणि सुरात लावण्याचं. पूर्वी माणसं पेटी रिक्षात घालून आणायची, आता आधी फोटो येतात. "काका, ही घेऊ का?" एवढाच मजकूर आणि खाली आठ-दहा फोटो. बहुतेक वेळा मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होतो. हे प्रकरण मात्र तीन आठवडे चाललं, त्यात माझी एक चूक झाली आणि ती जवळजवळ महागात पडली, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. माणसांची आणि गावांची ओळख काढून टाकली आहे. पेटीबद्दलचं सगळं जसंच्या तसं आहे.

घेणाऱ्या होत्या एक संगीतशिक्षिका. घरी वर्ग चालवतात, साथीला चांगली जुनी पेटी हवी होती. विकणारे होते कोकणातले एक निवृत्त गृहस्थ, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पेटी त्यांच्या वडिलांची. वडील गावच्या भजनी मंडळात वाजवायचे. आता घरात वाजवणारं कुणी नाही आणि घर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून विकायची. सोबत तबला-डग्ग्याची एक जोडीही होती. भाऊंचं म्हणणं असं: पेटी १९३५ च्या सुमाराची, मुंबईच्या नामांकित दुकानाची, आत अस्सल जर्मन रीड, दोन ओळींची म्हणजे खर्ज-नर, एक ओळ खालच्या सप्तकाची आणि दुसरी तिच्या वरच्या. किंमत ६०,००० रुपये, तबल्यासह.

"जर्मन रीड" या दोन शब्दांना आपल्याकडे एवढा भाव का, ते थोडक्यात सांगतो. हार्मोनियम मुळात पॅरिसची, अलेक्झांडर दबँ यांनी १८४० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी रूढ केली. लाकूडकाम इथलं झालं, पण सूर देणाऱ्या पितळी रीड, म्हणजे पाटीवर बसवलेली हवेनं थरथरणारी जीभ, बराच काळ बाहेरून यायच्या. जुन्या लोकांच्या तोंडी अजून पॅरिसच्या कास्रिएलचं आणि जर्मन ज्युबिलेटचं नाव असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल थांबला, स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. पेट्या बनत राहिल्या त्या गुजरातेतल्या पालिताण्यासारख्या ठिकाणी घडवलेल्या रीडवर. या देशी रीड वाईट असतात असं अजिबात नाही. पण जुन्या बाजारात जर्मन ठसा दिसला की आकडा वर जातो, आणि आकडा वर जातो तिथे ठशाकडे संशयानं पाहावंच लागतं.

अडचण

पहिल्या खेपेला अकरा फोटो आले. त्यातले सात समोरून, दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेले. पिवळ्या उजेडात कालचं सागवानसुद्धा पन्नास वर्षांचं दिसतं. नावपट्टीचा एक फोटो होता, त्यात फ्लॅशचा पांढरा डाग बरोबर मधल्या अक्षरांवर. रीडचा एकच फोटो, तोही व्हॉट्सअॅपवरून तीन हात फिरून आल्यामुळे इतका पिचलेला की ठशाची अक्षरं म्हणजे नुसते ठिपके.

शिक्षिकांचा प्रश्न साधा होता, "पेटी खरी आहे का?" हाच प्रश्न मुळात चुकीचा आहे, हे त्यांना समजावण्यात पहिला फोन गेला. पेटी ही एक वस्तू नसते. खोकं एकाचं, रीड दुसऱ्याची, भाता तिसऱ्यानं कधीतरी नव्यानं चढवलेला, पट्ट्या चौथ्याच्या. नावपट्टी तर पुष्कळदा बनवणाऱ्याची नसतेच, विकणाऱ्या दुकानाची असते. म्हणून फोटोतली प्रत्येक खूण फक्त त्याच भागाबद्दल बोलते ज्याच्यावर ती आहे. नावपट्टी बोलते ती ज्या फळीवर ठोकली आहे त्या फळीबद्दल. ठसा बोलतो तो पितळेच्या त्या पाटीबद्दल, आणि पाटीवर बसवलेल्या जिभेबद्दल तर तोही बोलत नाही. सूर मात्र जीभच देते.

मग प्रश्न असा झाला: कोणता भाग कोणत्या काळातला, कुणाचा, आणि त्याप्रमाणे ६०,००० मधले किती रुपये कशाचे?

पुन्हा फोटो मागवताना

भाऊंचा नातू कॉलेजात, फोन हाताळण्यात हुशार. त्याला मी थेट सांगितलं. पेटी दिवसा खिडकीशी ठेव, ऊन अंगावर नको. प्रत्येक फोटोत कोरा पांढरा कागद आणि शाळेची पट्टी ठेव, म्हणजे मला रंग आणि माप दोन्ही कळेल. फ्लॅश बंद. ठशासाठी दुसऱ्या फोनची टॉर्च अगदी बाजूनं, पितळेला जवळजवळ टेकवून धर, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडेल. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे ते पिचणार नाहीत.

रीड दिसण्यासाठी पेटी उघडावी लागते. वरचं झाकण आणि जाळी काढली की पट्ट्यांचा अख्खा पाट आकड्यांनी किंवा स्क्रूंनी खोक्याला धरलेला असतो. ते सोडवले की पाट झाकणासारखा वर उचलता येतो आणि रीड त्याच्या खालच्या अंगाला, हवेच्या कप्प्यात, ओळीनं बसवलेल्या दिसतात. नातवाला दोनदा बजावलं की जिभेला बोट लावायचं नाही. घामानं पितळ काळं पडतं आणि कापसाचा एक तंतू अडकला तरी सूर गप्प होतो. बंद करताना कडेच्या मऊ कातड्याची घडी पडू द्यायची नाही, नाहीतर हवा गळते आणि दोष पेटीवर येतो.

दोन दिवसांनी चौतीस फोटो आले. पोरानं काम झकास केलं होतं.

नावपट्टी, आणि माझी चूक

पट्टी पितळेची, कोरलेली, समोरच्या फळीवर मधोमध. दुकानाचं नाव, रस्त्याचं नाव आणि शेवटी रोमन अक्षरांत "बॉम्बे ४". या चारच्या आकड्यानं थोडं काम केलं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याआधी मुंबईच्या पत्त्यापुढे असा सुटा विभाग क्रमांक लिहीत. म्हणजे पट्टी बहुधा १९७२ च्या आधीची. बहुधा अशासाठी, की दुकानदार शेकड्यानं पट्ट्या करून घेतो आणि उरलेल्या पुढची पाच वर्षं वापरतो. "बॉम्बे" हे नाव तर काहीच सांगत नाही, कारण ते १९९५ पर्यंत अधिकृत होतंच. थोडक्यात, पट्टी १९३५ च्या दाव्याला पाठिंबाही देत नव्हती आणि खोडतही नव्हती.

पण दुसरंच काही डोळ्यांत भरलं. पट्टीच्या भोवती चारी बाजूंनी बोटभर रुंद असा एक चौकोन होता जिथलं पॉलिश आजूबाजूपेक्षा फिकट आणि ताजं होतं. त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बुजवलेली भोकं. लाकूड वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की त्याचा रंग बदलतो आणि वर काही बसवलेलं असेल तर त्याखालचा भाग तसाच राहतो. याला आम्ही सावली म्हणतो. इथे सावली पट्टीपेक्षा मोठी होती. मी हिशोब केला की आधी इथे दुसरी, मोठी पट्टी होती, ती काढून ही नामांकित दुकानाची लावली. असे प्रकार होतात. मेलेल्या पेटीची नावपट्टी जुन्या बाजारात सुटी मिळते आणि चार स्क्रूंत नव्या अंगावर चढते.

मी शिक्षिकांना लिहिलं, "पट्टी दुसरीकडून आणून लावलेली आहे." त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं भाऊंना पाठवलं.

भाऊंचा फोन थेट मला आला. चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. "अहो, माझ्या वडिलांनी स्वतः गिरगावातून आणलेली पेटी. तुम्ही न बघता आम्हाला लबाड ठरवता?" व्यवहार तिथेच तुटणार होता. मी माफी मागितली, पण मत मागे घेतलं नाही, कारण सावली तर दिसतच होती. त्यांना एवढंच विचारलं, की वडिलांचा पेटीसोबतचा एखादा जुना फोटो आहे का?

चार दिवसांनी फोटो आला. देवळाच्या सभामंडपात भजनी मंडळ बसलेलं, मागे कापडी फलकावर १९६८ साल. मधोमध वडील आणि पुढ्यात हीच पेटी. तिच्या दर्शनी फळीवर पत्र्याची मोठी पाटी, रंगानं मंडळाचं नाव लिहिलेली. मंडळानं आपली पाटी दुकानाच्या पट्टीच्या वरूनच ठोकली होती. पुढे कधीतरी ती काढली आणि खालची पितळी पट्टी पुन्हा उघडी झाली. मोठ्या सावलीचा उलगडा झाला, चार भोकांचाही. नीट पाहिलं असतं तर फोटोतच एक गोष्ट दिसत होती: पितळी पट्टीचे स्क्रू आणि पितळ दोन्ही एकसारखे काळवंडलेले होते आणि स्क्रूच्या डोक्यांभोवतीची घाण अखंड होती. कुणी पट्टी अलीकडे बसवली असती तर स्क्रूड्रायव्हरनं ती घाण मोडली असती. मी सावली पाहिली आणि तिथेच थांबलो.

पॉलिश आणि सांधे

लाकूडकामावर मला फार वेळ लागला नाही, म्हणून इथेही थोडक्यातच सांगतो. कोपरे डव्हटेलचे होते, पारव्याच्या शेपटीसारखे रुंद होत जाणारे दात एकमेकांत बसवलेले. दातांची रुंदी एकसारखी नव्हती, आणि प्रत्येक दाताच्या बुडाशी आखणीची बारीक रेघ अजून दिसत होती. यंत्रानं कापलेले दात एका मापाचे असतात आणि त्यांना आखणीची गरज नसते. चारही कोपऱ्यांत एकच हात दिसत होता, म्हणजे खोकं मोडून पुन्हा जोडलेलं नव्हतं.

आतल्या कोनांत वाळलेला सरस होता, तपकिरी, काचेसारखा तडकलेला. एका ठिकाणी मात्र, तळाच्या फळीशी, दुधी पिवळसर, रबरासारखी सुकलेली रेघ होती. ते फेव्हिकॉल. ते १९५९ पासून बाजारात आहे. पण ती रेघ एका तड्यावर होती, सांध्यात नव्हती. म्हणजे दुरुस्तीची खूण, घडणीची नव्हे. हा फरक न करता "आत फेव्हिकॉल आहे, म्हणजे पेटी जुनी नाही" असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

पॉलिशबद्दल माझा अंदाज असा होता की वरच्या झाकणावर मूळ लाखेचं पॉलिश आहे आणि डाव्या बाजूची फळी नंतर दुसऱ्या कशानं तरी चमकवलेली आहे. लाखेचं पॉलिश हात लागतो तिथे झिजून लाकूड उघडं करतं, आणि ओला पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं. झाकणावर दोन्ही होतं. डावी फळी मात्र काचेसारखी सपाट चमकत होती आणि भाता ओढताना हात घासतो त्या कडेलाही झीज नव्हती. सत्तर वर्षं वाजलेल्या पेटीला हात न लागलेली कड असत नाही.

रीडवरचा ठसा

खरा पैसा इथे होता. ४२ पट्ट्या, दोन ओळी, म्हणजे एकूण ८४ रीड.

पहिल्या, खर्जाच्या ओळीत प्रत्येक पाटीवर तोच जर्मन नावाचा ठसा, शेजारी स्वराचं अक्षर. शुद्ध निषादाच्या जागी रोमन "एच" होता. जर्मन पद्धतीत "बी" म्हणजे कोमल निषाद आणि "एच" म्हणजे शुद्ध, ही लकब जर्मन कारागिराच्या हाताकडे बोट दाखवते. पण "एच"चा छापा पाडणं कुणालाही अवघड नाही, तेव्हा मी त्याला अर्धाच गुण दिला. जास्त वजन मी अक्षरांच्या खाचांना दिलं. बाजूच्या टॉर्चमध्ये खाचांचा तळ आजूबाजूच्या पितळेइतकाच काळपट दिसत होता. जुन्या पितळेवर अलीकडे ठसा मारला तर खाचेत पिवळी चमक राहते आणि कडेला उचललेलं पितळ बोचतं. शिवाय पाटी घासून सपाट करताना पडलेल्या बारीक रेघा ठशाच्या कडांवरून गेलेल्या होत्या. म्हणजे ठसा आधी, घासणं नंतर. तो पाटी घडतानाच मारलेला होता.

मात्र या ओळीत सात जिभा वेगळ्या होत्या. पाट्या त्याच, ठसे तेच, पण जीभ उजळ आणि तिला पाटीवर धरणारा रिव्हेट चकचकीत. जीभ थकून तुटते, विशेषतः ज्या सुरात पेटी जास्त वाजते त्या भागात, आणि मग दुरुस्ती करणारा पाटी ठेवून जीभ बदलतो. हे सरळ काम आहे, फसवणूक नव्हे. पण "८४ जर्मन रीड" या हिशोबातून हे सात गेले.

जुन्या जिभांवर ओरखडेही भरपूर होते. सूर चढवायचा तर जिभेचं टोक किंचित खरवडतात, उतरवायचा तर मुळाशी. इथे टोकाला आणि मुळाशी, दोन्हीकडे ओरखड्यांवर ओरखडे होते. पेटी अनेकदा, अनेक हातांनी सुरात लावली गेली होती. प्रत्येक खरवडीनं जीभ पातळ होते, त्यामुळे हे काळजीनं नोंदवलं.

दुसरी, नराची ओळ पाहताना मी खुर्चीत नीट बसलो. इथेही तोच जर्मन ठसा. पण अक्षरं किंचित जाड आणि सगळ्या पाट्यांवर खाचांचा तळ उजळ. पाट्यांची लांबी पहिल्या ओळीपेक्षा पट्टीवर मोजून थोडी जास्त. स्क्रू पहिल्या ओळीत सरळ एका खाचेचे, इथे चौफुलीच्या खाचेचे. आणि पाट्यांच्या टोकांशी, काही ठिकाणी, जुन्या स्क्रूचं बुजवलेलं भोक अर्धं डोकावत होतं.

पर्याय

इथे आम्ही तिघं, म्हणजे शिक्षिका, त्यांचे यजमान आणि मी, फोनवर बसलो. पेटी सोडून द्यायची, हा एक मार्ग. त्यांच्या यजमानांचं मत तेच होतं: एका ओळीवर ठसा संशयास्पद असेल तर माणूसही संशयास्पद. मला तसं वाटत नव्हतं. वडिलांच्या काळात कुणी दुरुस्तीवाल्यानं "जर्मन घालून देतो" म्हणून पैसे घेतले असतील तर भाऊ स्वतः फसवले गेलेले. नावपट्टीच्या बाबतीत मी एकदा घाई केली होतीच.

दुसरा मार्ग मागितलेल्या किमतीला घेण्याचा. पेटीचा व्हिडिओ गोड वाजत होता, शिक्षिकांचं मन तिथे गेलं होतं. पण फोनचा माइक कमी-जास्त आवाज आपोआप सारखा करतो, तेव्हा त्यातून कमजोर सूर कळतच नाहीत. वाजण्यावरून मत देण्याला मी सरळ नकार दिला.

तिसरा मार्ग होता नराच्या ओळीतली एक रीड काढून तिच्या खालच्या लाकडाचा फोटो मागण्याचा. रीडच्या खाली लाकूड बंद राहतं, आधी आखूड पाटी असेल तर तिची सावली तिथे सापडते. हे निर्णायक ठरलं असतं. पण नातवाच्या हातानं, घरच्या स्क्रूड्रायव्हरनं? जुन्या हलक्या लाकडातला स्क्रू एकदा सैल झाला की ती रीड कायम भुणभुणते. मी नको म्हणालो, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

उरला चौथा: जाऊन पाहायचं. प्रवासाचा खर्च आणि एक दिवस. ६०,००० च्या व्यवहारात तो परवडतो. जाण्याआधी शिक्षिकांनी भाऊंना मोकळेपणानं सांगितलं की काका दुसरी ओळ उघडून पाहणार आहेत, आणि किंमत त्यावर ठरेल. भाऊ म्हणाले, "या. मलाही कळू दे."

प्रत्यक्षात काय केलं

आधी भाता. तो पूर्ण भरला, सगळे खटके बंद केले, एकही पट्टी न दाबता सोडला. अकरा सेकंदांत तो बसला. मला बरी पेटी वीसच्या पुढे लागते. गळती होती, पण कातडं बदलून सुटण्यासारखी.

मग नोटा तपासायची जांभळी टॉर्च. अंधाऱ्या खोलीत लाखेचं पॉलिश तिच्याखाली नारिंगी उजळतं. झाकण आणि दर्शनी फळी नारिंगी झाली, डावी फळी मेली होती. फोटोवरून बांधलेला अंदाज बरोबर निघाला.

नराच्या ओळीतल्या तीन रीड काढल्या, एक खालची, एक मधली, एक वरची. तिन्हींच्या खाली आखूड पाटीची फिकट सावली स्वच्छ दिसली आणि जुन्या स्क्रूंची भोकं काडीनं बुजवलेली. ओळ अख्खी बदललेली होती. पाटीच्या मागच्या अंगाला ठशाच्या मागे हलका फुगीर उंचवटा लागत होता, म्हणजे तयार पाटीवर नंतर मारलेला ठसा. भाऊ शेजारी बसून पाहत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या बाबांनी एका वर्षी पेटी कोल्हापूरकडे दुरुस्तीला दिली होती. जर्मन रीडचे पैसे दिले होते, ते मला आठवतंय."

वयाचा उलगडा मात्र अनपेक्षित जागेतून झाला. हवेच्या कप्प्याच्या तळाला गळती थांबवायला कागद चिकटवलेला होता, खाली सरस, तोच तपकिरी, तडकलेला. कागद म्हणजे कुठल्याशा किराणा दुकानाची छापील पावती, आणि रकान्याच्या वर "रु." आणि "न. पै.". नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १९६४ मध्ये त्यातला "नवे" गेला. कागदाच्या कडा सांध्याच्या सरसाखाली गेल्या होत्या, म्हणजे तो खोकं जोडतानाच आत बसवलेला. पेटी १९३५ ची नव्हती. ती साधारण १९५७ ते १९६५ मधली. खर्जाच्या जर्मन रीड त्याहून जुन्या असणार, दुकानानं साठ्यातल्या किंवा एखाद्या मोडलेल्या पेटीतल्या वापरलेल्या. त्या काळात हे सर्रास चाले.

तबला-डग्ग्याकडे मी शेवटी वळलो. पुड्या आणि शाई ही खर्ची पडणारी चीज, तिच्यावर किंमत ठरत नाही, म्हणून खोड पाहायचं. फोटोत खोड गडद शिसवी दिसत होतं. पुडी सैल करून आत डोकावलो तर आतलं लाकूड फिकट, तंतुमय, आणि बुडाशी एक उभी चीर. रंग बाहेरूनच दिलेला. डग्गा तांब्याचा, एक पोचा असलेला, पण भरीव आणि चांगला.

निकाल

मी दोघांसमोर हिशोब मांडला. खोकं आणि लाकूडकाम उत्तम, नावपट्टी मूळची. खर्जाच्या ओळीत ३५ रीड अस्सल आणि जुन्या, सात जिभा बदललेल्या. नराची ओळ देशी, पण सुरात चांगली, फक्त तिच्यावरचा ठसा खोटा. गळती आणि सुरावट मिळून माझं काम ६,५०० रुपयांचं. या पेटीला मी ३६,००० म्हणालो, तबला वगळून, डग्ग्यासह.

भाऊंनी ४०,००० वर धरलं. शिक्षिका ३८,००० वर आल्या आणि तिथे जमलं. तबला भाऊंनी घरीच ठेवला. पावतीवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं की नराच्या ओळीवरचा जर्मन ठसा मूळचा नाही. पेटी उद्या तिसऱ्याच्या हातात गेली तर त्याला माझ्यासारखी खुर्चीत बसायची वेळ येऊ नये. शिक्षिकांनी विचारलं, खोटे ठसे घासून टाकता येतील का? मी नको म्हणालो. घासलं तर पाटी पातळ होईल आणि इतिहासाची एक खूण जाईल, खोटी का असेना.

वेगळं काय करता आलं असतं

नावपट्टीबद्दल मी निष्कर्ष लिहून पाठवला, निरीक्षण नाही. "पट्टीभोवती मोठी सावली आणि चार भोकं दिसतात, आधी काय होतं ते विचारा" असं लिहिलं असतं तर भाऊंनी भजनी मंडळाच्या पाटीचं त्याच दिवशी सांगितलं असतं. माझा निरोप पुढे जसाच्या तसा जाणार हे मला कळायला हवं होतं.

खर्जाच्या ओळीतल्या बदललेल्या जिभा मी फोटोवरून सात मोजल्या होत्या, त्या प्रत्यक्षातही सातच निघाल्या. पण नराच्या ओळीचे सरळ वरून काढलेले फोटो मी फक्त चार जागांचे मागितले होते. पूर्ण ओळीचे मागितले असते तर बुजवलेली भोकं ४२ पैकी किती ठिकाणी आहेत हे मोजता आलं असतं आणि अख्खी ओळ बदलली आहे हे न उघडताही जवळजवळ ठरलं असतं. कदाचित प्रवास वाचला असता. पण मग किराण्याच्या पावतीचा तो तुकडा मिळाला नसता आणि पेटी १९३५ ची म्हणूनच विकली गेली असती.

आणि भात्याची चाचणी. ती नातवानं घड्याळ लावून व्हिडिओत करून दाखवली असती. मी ती मागितलीच नाही. लाकूड आणि ठसे बघण्यात रमलो होतो.